राउटरच्या लेबलवरच्या चार ओळी

घरातला वाय-फाय राउटर उलटा करून पाहिला की तळाला एक पांढरं लेबल दिसतं. मॉडेलचा क्रमांक, बारकोड, वीजपुरवठ्याचे आकडे असं बरंच काही त्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं आणि त्या गर्दीतच साधारण अशा चार ओळी असतात:

```
SSID: HomeNet_7C40
WPA Key: r7kd29mq
Username: admin
Password: admin
```

नवा फोन जोडायचा आहे, फोन पासवर्ड मागतो आहे, म्हणून माणूस लेबलवर `Password` हा शब्द शोधतो आणि त्याच्यापुढे लिहिलेलं `admin` फोनमध्ये टाइप करतो. पुढे काहीच होत नाही. कित्येक फोनांवर तर जोडणीचं बटण फिकटच राहतं, दाबताही येत नाही. मग राउटर बंद करून पुन्हा चालू केला जातो, फोनही तसाच बंद-चालू होतो आणि शेवटी शेजारच्या मुलाला हाक जाते.

यात बिघाड कशातच नसतो. वाय-फायचा पासवर्ड कमीत कमी ८ अक्षरांचा असावा लागतो, हा नियम फोनला ठाऊक असतो. `admin` पाच अक्षरांचं आहे, म्हणजे तो वाय-फायचा पासवर्ड असूच शकत नाही आणि म्हणून फोन बटण उघडत नाही. लेबलवर ज्या ओळीपुढे `Password` लिहिलेलं आहे, ती फोनला हवी असलेली ओळ नव्हेच. फोनला हवी आहे वरची `WPA Key`. काही लेबलांवर तिलाच `Wireless Key`, `Wi-Fi Key` किंवा `Network Key` म्हणतात. खालच्या दोन ओळी वेगळ्याच दाराच्या आहेत आणि फोन जोडताना त्या दारापाशी जायचंच नसतं.

म्हणजे चार ओळी असल्या तरी गोष्टी तीन आहेत. पहिली ओळ नेटवर्कचं नाव सांगते, दुसरी त्या नेटवर्कवर येण्याची परवानगी देते आणि शेवटच्या दोन मिळून राउटरच्या कारभारात हात घालण्याची परवानगी देतात. या तिघांची भेळ झाली की घरातलं इंटरनेट हे एक न उलगडणारं कोडं होऊन बसतं. वेगळ्या ओळखता आल्या, तर निम्म्या तक्रारी फोन हातात असतानाच सुटतात.

नावापासून सुरुवात करू. फोनमध्ये वाय-फाय चालू केलं की आजूबाजूच्या नावांची यादी येते. आपलं, समोरच्यांचं, खालच्या मजल्यावरच्या क्लासचं. प्रत्येक राउटर आपलं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत सांगत असतो आणि फोन ती नावं गोळा करून आपल्यापुढे मांडतो. या नावालाच लेबलवर `SSID` म्हटलेलं असतं. नाव गुपित नसतं, ते असूही नये. त्याचं काम एवढंच, की दहा नेटवर्कांमधून आपलं कोणतं ते आपल्याला आणि आपल्या फोनला कळावं. नाव लपवण्याची सोय राउटरमध्ये असते, पण तिच्यावर सुरक्षिततेसाठी विसंबू नये. जाणकाराला लपवलेलं नेटवर्क सहज सापडतं आणि घरच्यांना मात्र प्रत्येक नव्या फोनमध्ये नाव हाताने टाइप करावं लागतं.

एकाच राउटरची दोन नावंही दिसू शकतात. `HomeNet_7C40` आणि `HomeNet_7C40_5G` अशी जोडी यादीत आली, तर दुसरं नाव मोबाइल कंपन्यांच्या फाइव्ह-जीचं नव्हे. राउटर दोन वेगवेगळ्या लहरींवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली भिंतींमधून जास्त दूर जाते, दुसरी वेगवान असते पण दोन भिंतींपलीकडे दमते. पुष्कळसे जुने टीव्ही, प्रिंटर आणि स्वस्तातले कॅमेरे फक्त पहिलीच ऐकू शकतात, त्यामुळे त्यांच्या यादीत दुसरं नाव येतच नाही. हेही बिघाडाचं लक्षण नाही.

नाव मराठीत ठेवता येतं का, असं पुष्कळजण विचारतात. बहुतेक राउटरांवर येतं, पण जागा थोडी असते. नावाला ३२ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं, तर देवनागरीतलं अक्षर तीन बाइट घेतं आणि प्रत्येक काना, वेलांटी, अनुस्वार यांचे आणखी तीन-तीन. म्हणजे सगळी चिन्हं धरून दहाच. ‘आमचं घर’ बसेल, पण ‘श्री गजानन कृपा’ बसणार नाही. पासवर्डाला मात्र ही मोकळीकही नाही. तिथे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि कळफलकावरची नेहमीची चिन्हंच चालतात, ८ ते ६३ पर्यंत.

आता दुसरी गोष्ट, वाय-फायचा पासवर्ड. तो घरातल्या सगळ्यांना माहीत असतो, असावाच लागतो. पण त्याची तपासणी कशी होते हे कळलं, तर तो कसा असावा हेही आपोआप कळतं. आपण टाइप केलेला पासवर्ड फोन हवेतून राउटरकडे पाठवत नाही. फोन आणि राउटर दोघंही आपापल्या जागी पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेतात आणि त्या जोडीवर एक ठरलेलं गणित ४०९६ वेळा करून एक लांबलचक किल्ली बनवतात. मग चार निरोपांची देवाणघेवाण होते. तीत किल्ली उघड न करता ते एकमेकांना पटवतात, की आपल्या दोघांकडे तीच किल्ली आहे. हे जमलं की फोन आत येतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, किल्ली बनवण्यात नावाचाही वाटा आहे. म्हणून पासवर्ड तोच ठेवून नुसतं नाव बदललं, तरी घरातली सगळी उपकरणं तुटतात. त्यांच्या लेखी ते वेगळं, अनोळखी नेटवर्क असतं. नुसतं एक अक्षर लहानाचं मोठं केलं, तरी तेच होतं. दोन, हवेतले ते चार निरोप आसपासचा कुणीही टिपून ठेवू शकतो आणि घरी निवांत बसून पासवर्डाचे अंदाज त्यांच्याशी ताडून पाहू शकतो. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. २०१८मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ या पद्धतीत ही पळवाट बुजवली आहे, पण घरोघरी अजून तिच्याआधीची डब्ल्यूपीए-२ मोठ्या प्रमाणावर चालू आहे.

आपल्याकडे जोडणी द्यायला आलेला मुलगा अनेकदा घाईत ग्राहकाचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकून जातो. ही सवय मोडायला हवी, असं मला कळकळीने वाटतं. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतात. म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी. माणसाला ही संख्या प्रचंड वाटेल, पण गेम खेळण्यासाठी घेतलेल्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाने सेकंदाला दहा लाख अंदाज तपासले, तर सगळे नंबर ४००० सेकंदांत संपतात. तासाभराहून थोडंसंच जास्त. शिवाय शेजाऱ्याला एवढेही कष्ट नकोत. आपला नंबर त्याच्याकडे आधीपासूनच असतो. त्याऐवजी इंग्रजी लहान अक्षरं आणि आकडे यांची १२ घरांची अर्थहीन सरमिसळ घेतली, तर त्याच वेगाने साऱ्या शक्यता तपासायला दीड लाख वर्षं लागतील. तशी सरमिसळ लक्षात राहत नसेल, तर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत, `kandil-saykal-varan-dongar` अशासारखे. हा छापून आलेला सोडून, अर्थातच.

तिसरी गोष्ट सगळ्यांत दुर्लक्षित असते. राउटर हा एक छोटा संगणकच आहे आणि त्याच्या पोटात सेटिंगची पानं असतात. नेटवर्कचं नाव काय ठेवायचं, पासवर्ड कोणता, कोणतं उपकरण रोखायचं, हे सगळं त्या पानांवर ठरतं. त्या पानांत शिरण्यासाठी जे वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड लागतात, ते लेबलवरच्या खालच्या दोन ओळींत असतात. यालाच अॅडमिन लॉगिन म्हणतात. रोजच्या वापरात ते लागत नाही, त्यामुळे बसवल्या दिवशी होतं तेच वर्षानुवर्षं राहतं. काही कंपन्या आता यासाठी फोनवरचं अॅप देतात आणि नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवून आत घेतात. रूप निराळं असलं तरी काम तेच.

हे तिन्ही प्रत्यक्षात कसे वेगळे पडतात, ते माझ्या मावशीच्या घरी नीट पाहायला मिळालं. मावशी साताऱ्याला राहते. फायबरची जोडणी घेतल्यावर काही महिन्यांनी तिचा फोन आला, की संध्याकाळी इंटरनेट अगदी रेंगाळतं. पासवर्ड तिचा मोबाइल नंबरच होता आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलांना तो माहीत होता.

“तूच बदलून दे ना तिकडून,” ती म्हणाली.

“मावशी, इथून नाही होणार. तुझ्या घरातूनच करावं लागेल. पण सोपं आहे, मी सांगतो तसं कर.”

तिथूनच का, तर राउटरच्या पानांचा पत्ता घरातल्या घरातच चालतो. तो बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असा असतो. `192.168` ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत आणि तेच पत्ते जगभरातल्या असंख्य घरांत वापरले जातात. मी पुण्यात बसून `192.168.1.1` टाइप केलं असतं, तर माझ्याच राउटरचं पान उघडलं असतं.

मावशीचा फोन तिच्या वाय-फायवर होता. तिला सेटिंगमध्ये जाऊन वाय-फायच्या नावावर बोट ठेवायला सांगितलं. आतल्या तपशिलांत `Gateway` या शब्दापुढे राउटरचा पत्ता असतो, आयफोनवर तोच `Router` या शब्दापुढे सापडतो. तिच्याकडे `192.168.1.1` निघाला. मग मोबाइल डेटा बंद करायला लावला, कारण तो चालू असताना काही फोन हे पान भलत्याच वाटेने शोधायला जातात आणि पान उघडत नाही. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत तिने पत्ता टाइप केला. लगेच तिचा आवाज बदलला. “अरे, हे सुरक्षित नाही असं म्हणतंय.”

ही सूचना पाहून पुष्कळजण इथूनच मागे फिरतात. संकेतस्थळांची ओळख पटवणारं प्रमाणपत्र घरातल्या राउटरकडे सहसा नसतं, म्हणून ब्राउझर `Not secure` म्हणतो. पत्ता आपण स्वतः `Gateway` वरून पाहून टाइप केलेला असेल आणि आपण आपल्याच वाय-फायवर असू, तर पुढे जायला हरकत नाही. हीच सूचना बँकेच्या पानावर दिसली, तर मात्र तिथल्या तिथे थांबायचं.

पुढच्या पानावर `Username` आणि `Password` अशा दोन चौकटी आल्या. मावशीने पासवर्डात आपला मोबाइल नंबर टाकला. तिच्या लेखी राउटरचा पासवर्ड तोच होता. पान म्हणालं, चूक. दुसऱ्यांदाही चूक. मी तिला थांबवलं, कारण लागोपाठ चुका झाल्या तर बरेच राउटर काही मिनिटांसाठी दार बंद करतात. लेबलाचा फोटो काढून मोठा करून बघ म्हटलं, आणि खालच्या दोन ओळी टाकल्यावर ती आत गेली.

आत `WLAN` नावाचा विभाग होता. काही राउटरांत तो `Wireless` नावाने असतो. तिथे २.४ आणि ५ यांची दोन वेगळी पानं होती. प्रत्येकावर `SSID` ची चौकट, तीत नाव, आणि खाली `WPA PreSharedKey`, तीत ठिपक्यांआड जुना पासवर्ड. शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवलं, तर तो साध्या अक्षरांत दिसला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अॅडमिन लॉगिन ज्याच्या हाती, त्याला वाय-फायचा पासवर्डही बहुतेक वेळा मिळतो. उलट होत नाही. वाय-फायचा पासवर्ड माहीत असलेला माणूस फक्त त्या पानाच्या दारापर्यंत येतो, आत जायला त्याला दुसरा पासवर्ड लागतो. तो दुसरा जर `admin` असेल, तर दार असून नसल्यासारखंच.

नाव तसंच ठेवून मावशीने दोन्ही पानांवर नवा पासवर्ड टाकला आणि `Apply` दाबलं. त्याच क्षणी पान गोठलं आणि वाय-फायची खूण गेली. “बिघडलं बघ सगळं,” ती म्हणाली. बिघडलं काहीच नव्हतं. राउटर नव्या किल्लीवर गेला होता आणि तिचा फोन अजून जुनीच धरून बसला होता. फोनमध्ये त्या नेटवर्कवर बोट ठेवून `Forget` केलं, नावावर पुन्हा बोट ठेवलं, नवा पासवर्ड टाकला आणि जोडणी परत आली. यानंतर टीव्ही, काकांचा फोन, गॅलरीतला कॅमेरा या प्रत्येकापाशी जाऊन हेच करावं लागलं. एका ठिकाणी पासवर्ड बरोबर असूनही चालेना. काकांच्या फोनने पहिलं अक्षर आपणहून मोठं केलं होतं. डोळ्याच्या चिन्हाने पासवर्ड उघडा करून पाहिला तेव्हा ते कळलं. शेवटी चुकून पडलेली रिकामी जागा, शून्य आणि `O` यांची गल्लत, हेही असंच नजरेआड राहतं.

शेवटचं काम अॅडमिनचा पासवर्ड बदलण्याचं. वाय-फायच्या पानावर तो सापडत नाही, `Management`, `Administration` किंवा `System Tools` अशा विभागात असतो. तिथे आधी जुना विचारतात, मग नवा दोनदा. हा बदलला तेव्हा घरातलं एकही उपकरण तुटलं नाही. त्यांचा या पासवर्डाशी काही संबंधच नाही.

हा बदल फक्त वरच्या मजल्यावरच्या मुलांसाठी नव्हता. २०१६मध्ये ‘मिराई’ नावाचा घातक प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नेहमीच्या नाव-पासवर्डांच्या जोड्या त्याच्याकडे होत्या. त्या एकेक लावून पाहत त्याने जगभरातले लाखो कॅमेरे, व्हिडिओ रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या फौजेचा मारा डाइन या कंपनीवर झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांच्यासारखी मोठी संकेतस्थळं अमेरिकेत कित्येक तास अडखळत होती. ज्यांच्या घरातली उपकरणं त्यात वापरली गेली, त्यांतल्या अनेकांना त्याची जाणीवही झाली नसेल. त्यांचं इंटरनेट चालूच होतं.

आता तक्रार आली की बोट तिघांपैकी कुठे ठेवायचं, ते पाहू. यादीत नावच दिसत नसेल, तर पासवर्डाचा विचार करू नये. राउटर बंद असेल, दूर असेल, नाव बदललं असेल किंवा उपकरण ५ गिगाहर्ट्झ ऐकत नसेल. नाव दिसतं पण जोडलं जात नाही, तर बहुधा दुसऱ्या गोष्टीची, पासवर्डाची चूक. जोडलं गेलं, पण खाली इंटरनेट नाही असं येतं, तर नाव आणि पासवर्ड दोन्ही बरोबर आहेत. राउटरपर्यंत रस्ता मोकळा आहे, त्याच्या पुढची तार, भरायचं राहिलेलं बिल किंवा कंपनीकडचा बिघाड शोधायचा. यातल्या कशासाठीही वाय-फायचा पासवर्ड बदलून उपयोग नाही आणि तरी लोक तोच आधी बदलतात.

अॅडमिनचा पासवर्डच हरवला, तर राउटरच्या मागच्या बारीक भोकातलं `Reset` बटण टाचणीने काही सेकंद दाबून धरायचं, असा सल्ला सर्रास मिळतो. त्याने तिन्ही गोष्टी लेबलवरच्या मूळ रूपात येतात, हे खरं. पण फायबरच्या डब्यात पुष्कळदा आणखी एक नाव-पासवर्ड साठवलेला असतो. त्याच्या जोरावर तुमचा डबा कंपनीला आपली ओळख पटवतो. तो लेबलवर नसतो, बसवणाऱ्या माणसाने भरलेला असतो आणि रीसेटमध्ये पुसला जाऊ शकतो. मग वाय-फाय छान जोडलं जातं, इंटरनेट मात्र येत नाही आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून बटण दाबण्याआधी कंपनीला फोन करून ते नाव-पासवर्ड मागून घ्यावेत, किंवा रीसेट त्यांच्याकडूनच करून घ्यावा.

आणि राउटरच बदलायची वेळ आली, तर नव्या राउटरवर जुनंच नाव आणि जुनाच वाय-फाय पासवर्ड अक्षरश: जसाच्या तसा ठेवावा. नाव आणि पासवर्ड तेच असले, तर किल्लीही तीच तयार होते, त्यामुळे फोन, टीव्ही आणि कॅमेरा सहसा काही न विचारता आपणहून जोडले जातात. अॅडमिनचं लॉगिन मात्र जुन्या डब्याबरोबरच जातं. नव्या डब्याच्या तळाला त्याचं स्वतःचं लेबल असतं, तिथलं पाहून आत शिरायचं आणि पहिल्याच दिवशी ते बदलून टाकायचं.